बोगदा झाला, पण चलन छापेना: दोन ऑफिसं जोडताना हुकणारी परतीची वाट

"दोन्हीकडे एकच नंबर करून टाक ना, म्हणजे एकमेकांना दिसतील."

काकांचं हे वाक्य मी याआधीही बऱ्याच जणांकडून ऐकलंय. काकांचा स्टेशनरीचा घाऊक धंदा आहे. ऑफिस दादरला आणि माल ठेवायला कांदिवलीला एक गाळा. बिलिंगचं सॉफ्टवेअर दादरच्या विंडोज सर्व्हरवर चालतं. गाळ्यात दोन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर. काकांना हव्या होत्या दोनच गोष्टी. गाळ्यातल्या मुलांनी दादरचं सॉफ्टवेअर उघडावं, आणि दादरहून 'प्रिंट' दाबलं की मालाचं चलन थेट कांदिवलीच्या प्रिंटरवर निघावं. एवढ्यासाठी रोज व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवणं चालू होतं.

दादरचं नेटवर्क 192.168.10.x आणि गाळ्याचं 192.168.20.x. काकांना वाटत होतं, आकडे वेगळे म्हणजेच अडचण. खरं तर आकडे वेगळे होते हे आमचं नशीब.

का, ते समजायला कॉम्प्युटर पॅकेट, म्हणजे माहितीचा एक तुकडा, पाठवताना काय विचार करतो ते बघू. त्याला तीन गोष्टी माहीत असतात: स्वतःचा पत्ता, मास्क आणि गेटवे. मास्क 255.255.255.0 असेल तर अर्थ सरळ आहे: ज्याच्या पत्त्याचे पहिले तीन आकडे माझ्यासारखे, तो माझ्याच इमारतीत राहतो. त्याच्यासाठी कॉम्प्युटर जिन्यात उभा राहून हाक मारतो, "दहा नंबर कोण आहे रे?" आणि उत्तर आलं की पॅकेट थेट त्याच्या हातात देतो. पहिले तीन आकडे वेगळे असतील तर हाक मारण्यात अर्थ नाही. मग पॅकेट गेटवेकडे, म्हणजे गेटवरच्या वॉचमनकडे जातं. पुढे कुठे न्यायचं ते वॉचमनने बघायचं.

आता दोन्हीकडे 192.168.10.x केलं तर गाळ्यातला कॉम्प्युटर दादरच्या 192.168.10.10 ला शोधायला आपल्याच जिन्यात हाका मारत बसेल. पॅकेट वॉचमनपर्यंत जाणारच नाही, मग ते व्हीपीएनच्या, म्हणजे इंटरनेटवरून दोन ऑफिसं जोडणाऱ्या खासगी वाटेच्या, बोगद्यात शिरणार कसं? तुमच्या दोन्ही शाखांत आज एकच मालिका असेल, तर आधी एकीकडची बदलून घ्या. पत्त्यांची अदलाबदल करून काम भागवण्याची युक्ती आहे, पण सहा-सात यंत्रांसाठी तो द्राविडी प्राणायाम आहे. बदलताना 192.168.0.x आणि 192.168.1.x टाळा. बहुतेक राउटर खोक्यातून बाहेर येतात तेच हे आकडे घेऊन, त्यामुळे तिसरी शाखा निघाली की पुन्हा टक्कर.

तर बोगदा. मी वायरगार्ड हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर वापरलं. ते २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे आणि त्याची फाइल दहा-बारा ओळींत संपते. दादरचा राउटर ओपनडब्ल्यूआरटी या खुल्या प्रणालीवर चालणारा, त्यामुळे बोगद्याचं दादरचं तोंड राउटरमध्येच बसलं. गाळ्यात मात्र इंटरनेटवाल्याने दिलेला राउटर होता. त्यात वायरगार्ड नाही, आणि तो बदलायला ते तयार नव्हते. म्हणून रास्पबेरी पाय हा एक जुना, तळहाताएवढा कॉम्प्युटर त्याच्या मागे लावला आणि त्याला 192.168.20.5 हा पत्ता दिला. पुढची सगळी रड या एका निर्णयातून आली, हे आत्ताच सांगून ठेवतो.

आणखी एक गोष्ट आधी तपासली. गाळ्यातल्या राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता 100.72 ने सुरू होत होता. 100.64 पासून 100.127 पर्यंतचे पत्ते इंटरनेट कंपन्या स्वतःच्या आत वापरतात. एका खऱ्या पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवलेले असतात. म्हणजे बाहेरून गाळ्याचं दार ठोठावता येणार नाही. एका टोकाला खरा, न बदलणारा पत्ता असेल तर चालतं. दादरला तो महिन्याचे थोडे जास्त पैसे देऊन घेतला. आता नेहमी गाळ्यानेच दादरला साद घालायची. गाळ्याची फाइल अशी, दादरचा पत्ता इथे नमुन्याचा आहे:

```
[Interface]
Address = 10.99.0.2/30
PrivateKey = KANDIVALI_PRIVATE_KEY

[Peer]
PublicKey = DADAR_PUBLIC_KEY
Endpoint = 203.0.113.25:51820
AllowedIPs = 10.99.0.1/32, 192.168.10.0/24
PersistentKeepalive = 25
```

दादरच्या बाजूला याचंच आरशातलं रूप: `Endpoint` नाही, `ListenPort = 51820` आहे, आणि `AllowedIPs` मध्ये 10.99.0.2/32 आणि 192.168.20.0/24. शेवटच्या ओळीतला २५ म्हणजे दर २५ सेकंदांनी गाळ्याकडून एक रिकामं पॅकेट जातं, म्हणजे मधल्या कंपनीचं यंत्र ही वाट विसरत नाही.

या फाइलीत खरं लक्ष द्यायचं ते `AllowedIPs` कडे. नाव वाचून वाटतं ही फक्त परवानगीची यादी आहे. ती दोन कामं करते. बाहेर जाताना ती सांगते की 192.168.10.x साठीचं पॅकेट या बोगद्यात टाका. आत येताना ती तपासते की बोगद्यातून आलेल्या पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता याच यादीतला आहे ना. नसेल तर ते गुपचूप टाकून देते, तक्रारसुद्धा करत नाही. म्हणून प्रत्येक टोकाच्या यादीत *समोरच्या* टोकाची मालिका लागते. स्वतःची मालिका तिथे लिहिणं ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक आहे, आणि स्वतः केलेलीही.

पायला दुसऱ्यांची पॅकेटं पुढे ढकलायची सवय नसते, ती लावावी लागते: `net.ipv4.ip_forward=1`. हे केलं, दोन्हीकडे बोगदा चालू केला आणि `wg show` विचारलं. उत्तरात `latest handshake: 38 seconds ago` आलं. पायवरून दादरच्या राउटरला, 192.168.10.1 ला पिंग केलं, म्हणजे छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का ते बघितलं, लागलं. दादरच्या कॉम्प्युटरवरून पायला, 192.168.20.5 ला पिंग केलं, तेही लागलं. काकांनी चहा मागवला.

चहा येईपर्यंत गाळ्यातल्या मुलाचा फोन आला. "दादा, माझ्याकडे काहीच उघडत नाहीये."

वरच्या दोन्ही चाचण्या फसव्या होत्या. पाय हा बोगद्याच्या तोंडावरच बसलाय. तो स्वतः पिंग करतो तेव्हा पाठवणाऱ्याचा पत्ता 10.99.0.2 जातो आणि उत्तर सरळ त्याच्याकडेच येतं. दादरहून पायला पिंग केलं तेव्हाही तेच. गाळ्यातल्या इतर यंत्रांची यात काही परीक्षाच झाली नाही. हँडशेक झाला याचा अर्थ एवढाच की दोन टोकांनी एकमेकांच्या चाव्या ओळखल्या. बोगद्यातून कोण जाऊ शकतं हा वेगळा प्रश्न आहे. हल्ली मी बोगद्याच्या तोंडावरून केलेली पिंग मोजतच नाही. दोन्ही बाजूंच्या सामान्य यंत्रांवरून केलेलीच मोजतो.

मुलाला गाळ्यातल्या कॉम्प्युटरवर हे टाइप करायला सांगितलं:

```
tracert -d 192.168.10.1
```

पहिली पायरी 192.168.20.1, दुसरी 100 ने सुरू होणारा कंपनीचा पत्ता, पुढे नुसत्या चांदण्या. दोष उघड होता. कॉम्प्युटरने नियमाप्रमाणे पॅकेट वॉचमनला दिलं. गाळ्याचा वॉचमन म्हणजे इंटरनेटवाल्याचा राउटर. त्याला 20.5 वर बोगदा आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने पॅकेट बाहेरच्या रस्त्यावर टाकलं, आणि खासगी मालिकेचा पत्ता इंटरनेटवर कुणी नेऊन पोचवत नाही. उलट बाजूनेही हेच. दादरहून गाळ्यातल्या कॉम्प्युटरला गेलेलं पॅकेट पायमार्गे त्याच्यापर्यंत नीट पोचतं, पण त्याचं *उत्तर* वॉचमनकडे जातं आणि हरवतं. बोगदा जोडताना आपण जाण्याची वाट बघतो. बहुतेक वेळा हुकते ती येण्याची.

राउटरमध्ये स्टॅटिक रूटचं पान सापडलं. त्यात नोंद केली: 192.168.10.0, मास्क 255.255.255.0, गेटवे 192.168.20.5. वॉचमनला सांगितलं, दादरचं काही आलं की पाच नंबरकडे दे. पुन्हा पिंग केलं आणि या वेळी गाळ्यातल्या खऱ्याखुऱ्या कॉम्प्युटरवरून लागलं.

आणि तरीही सॉफ्टवेअर उघडेना. दोष सर्व्हरचा की वाटेचा हे ठरवायला मी मुलाला ब्राउझरमध्ये दादरच्या राउटरचं पान उघडायला सांगितलं. पिंग होतंय त्याच 192.168.10.1 वरचं पान. चक्र नुसतं फिरत राहिलं.

अशा वेळी पहिला संशय पॅकेटच्या मापावर येतो. बोगद्यात प्रत्येक पॅकेटवर एक वेष्टण चढतं, म्हणून वायरगार्ड आतलं माप साधारण १४२० बाइटांपर्यंत ठेवतं. वाटेत कुठे त्याहून अरुंद जागा असेल तर छोटी पिंग जाते आणि मोठं पान अडकतं. हे तपासायला मिनिट लागतं:

```
ping -f -l 1392 192.168.10.1
```

१३९२ मध्ये पिंगची स्वतःची २८ बाइटं मिळवली की १४२० होतात. `-f` म्हणजे तुकडे करू नका. हे पिंग व्यवस्थित गेलं, म्हणजे माप ठीक होतं.

मग पायवर `tcpdump -ni eth0 port 80` लावून ये-जा करणारी पॅकेटं बघत बसलो. ब्राउझरचं संभाषण तीन वाक्यांनी सुरू होतं. इकडून "बोलू का?", तिकडून "बोल, ऐकतोय", आणि पुन्हा इकडून "ठीक, सुरू करतो". पायवर पहिलं वाक्य जाताना दिसलं, दुसरं येताना दिसलं. मग दुसरंच पुन्हा आलं, आणि पुन्हा. दादर "बोल, ऐकतोय" असं परत परत म्हणत होतं. तिसरं वाक्य पायपर्यंत पोचतच नव्हतं.

वाट कागदावर काढली तेव्हा उलगडा झाला. गाळ्यातल्या कॉम्प्युटरचं पॅकेट जाताना 20.1 ला भेटून मग 20.5 कडे जातं. येताना मात्र पाय बघतो की हा कॉम्प्युटर माझ्याच इमारतीतला आहे, आणि उत्तर थेट त्याच्या हातात देतो. वॉचमन मधून गायब. त्याने "बोलू का?" ऐकलं, "बोल, ऐकतोय" कधी ऐकलंच नाही, आणि मग एकदम "ठीक, सुरू करतो". राउटरमधल्या फायरवॉलला हे संशयास्पद वाटतं आणि ती पॅकेट टाकून देते. पिंगमध्ये अशी तीन वाक्यं नसतात, प्रत्येक पिंग नव्याने सुरू झाल्यासारखीच दिसते, म्हणून ती जाते. सगळेच राउटर इतके काटेकोर नसतात. त्यामुळेच हा दोष एका ठिकाणी येतो, दुसरीकडे येत नाही, आणि लोक उगाच चाव्या बदलत बसतात.

यावर खरा उपाय म्हणजे बोगदा आणि गेटवे एकाच यंत्रात असणं. दादरला तसंच होतं, म्हणून त्या टोकाने काही त्रास दिला नाही. कंपनीचा राउटर ब्रिज करून मागे स्वतःचा राउटर लावता येत असेल तर तेच करा, या लेखातली अर्धी डोकेदुखी जन्मालाच येणार नाही. आम्हाला ते शक्य नव्हतं. दुसरा मार्ग, पायने सगळ्या दादरकरांना आपल्याच 20.5 या नावाने आत आणायचं, म्हणजे उत्तरं आपोआप त्याच्याकडे येतात. एका प्रिंटरपुरतं ते चालून जातं. पण मग गाळ्यात कोण आलं ते कधीच कळत नाही, आणि उलट दिशेचा प्रश्न तसाच राहतो. मला ही युक्ती आवडत नाही. ती चूक झाकते.

कॉम्प्युटर दोनच होते. म्हणून वॉचमनला मधून काढलं आणि दोघांनाच थेट वाट शिकवली. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या काळ्या खिडकीत:

```
route -p add 192.168.10.0 mask 255.255.255.0 192.168.20.5
```

`-p` विसरलात तर कॉम्प्युटर बंद-चालू झाला की वाट पुसली जाते. हे केल्यावर दादरच्या राउटरचं पान क्षणात उघडलं. जाणं-येणं एकाच वाटेने होऊ लागलं.

सर्व्हर अजूनही गप्प होता, पण आता वाटेवर शंका नव्हती. विंडोजची फायरवॉल प्रायव्हेट नेटवर्कवर फाइल शेअरिंगसाठी आणि पिंगसाठी मूळ सेटिंगमध्ये फक्त 'लोकल सबनेट'ला दार उघडते, म्हणजे आपल्याच इमारतीतल्यांना. 192.168.20.x तिच्या दृष्टीने परका. लोक इथे वैतागून फायरवॉलच बंद करतात. तसं करू नका. फाइल शेअरिंगच्या नियमात स्कोपमध्ये जाऊन परवानगीच्या पत्त्यांत 192.168.20.0/24 घातलं की पुरतं. सर्व्हरला नावाने शोधू नका, त्याचा पत्ता द्या. विंडोज शेजाऱ्यांची नावं ज्या हाकांवरून ओळखतं, त्या हाका इमारतीबाहेर ऐकू जात नाहीत, बोगद्यातूनही नाही.

सॉफ्टवेअर उघडलं, पण रखडत. असं सॉफ्टवेअर दुसऱ्या कॉम्प्युटरवरची फाइल वाचताना हजारो छोटे प्रश्न विचारतं आणि प्रत्येक उत्तराची वाट बघतं. ऑफिसच्या वायरवर ते जाणवत नाही. बोगद्यातून जाऊन यायला १० मिलिसेकंद धरले तरी २००० प्रश्नांना २० सेकंद लागतात. नेटचा स्पीड वाढवून यात फरक पडत नाही. म्हणून मुलांना दादरच्या एका कॉम्प्युटरवर रिमोट डेस्कटॉपने बसवलं. प्रश्नोत्तरं दादरमध्येच राहिली आणि बोगद्यातून फक्त पडदा येऊ लागला.

राहिला प्रिंटर. दादरहून त्याला पिंग लागेना. गाळ्यातून मात्र तो मजेत छापत होता. मुलाला प्रिंटरच्या मेनूत जाऊन नेटवर्कचं पान छापायला सांगितलं आणि फोटो मागवला. पत्ता 192.168.20.30, मास्क बरोबर, गेटवे 0.0.0.0. कुणीतरी कधीतरी हाताने पत्ता भरला होता आणि गेटवेचा रकाना सोडून दिला होता. त्या प्रिंटरला वॉचमनच नव्हता. शेजाऱ्यांशी बोलायला तो लागत नाही, म्हणून इतकी वर्षं कुणाला कळलं नाही. दादरचं पॅकेट त्याच्यापर्यंत पोचत होतं, पण उत्तर कुणाच्या हाती द्यायचं ते त्याला माहीत नव्हतं. मी तिथे 192.168.20.1 न लिहिता 192.168.20.5 लिहायला सांगितलं. प्रिंटरला इंटरनेटचं काही काम नाही, त्याचा बाहेरचा सगळा व्यवहार दादरशीच, मग तो वॉचमनच्या वाटेला जाईलच कशाला?

पहिलं चलन निघालं. काकांनी फोनवरून विचारलं, "आता हे असंच राहील ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मुलाचा फोन आला, काही उघडत नाही म्हणून. मी लॅपटॉप उघडेपर्यंत चालू झालं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रात्री गाळा बंद करताना मुलं मेन स्विच पाडून जातात, हे मला तेव्हा कळलं. जुन्या रास्पबेरी पायमध्ये वीज गेल्यावर वेळ चालू ठेवणारं घड्याळ नसतं. सकाळी तो उठतो तो आदल्या संध्याकाळची, शेवटची जपून ठेवलेली वेळ धरून. वायरगार्डच्या हँडशेकमध्ये वेळेचा शिक्का असतो. आधी पाहिलेल्या शिक्क्यापेक्षा जुना शिक्का आला तर दादर तो नाकारतं, कारण कुणीतरी जुनं पॅकेट पकडून पुन्हा पाठवलं असेल अशी त्याला शंका येते. नेट येऊन पायने बरोबर वेळ घेईपर्यंत दार बंदच.

राउटर आणि पाय मेन स्विचच्या आधीच्या वेगळ्या पॉइंटवर घेतले. त्या स्विचवर मुलाने चिकटपट्टी लावून मार्करने लिहिलंय, "हा बंद करू नये, दादर बंद होतं."